पहाटे साडेचार ते रात्री पावणेबारा: नाश्त्याच्या हॉटेलच्या मालकाने स्वतःला कसं सांभाळावं

मिसळ, पोहे, वडा, चहा असं छोटं हॉटेल काढताना जागेचं भाडं, डिपॉझिट, आचाऱ्याचा पगार, भट्टी आणि भांडी यांचा हिशोब सगळे करतात. मालकाचे स्वतःचे तास मात्र कुठल्याच कागदावर येत नाहीत. ते फुकट धरलेले असतात, म्हणून जिथे माणूस कमी पडतो तिथे मालक उभा राहतो. वर्ष-दीड वर्षात धंदा नफ्यात येतो आणि मालक मात्र उठायलाच नको म्हणतो. या धंद्यात हे इतकं नेहमीचं आहे की चालणारी हॉटेलंसुद्धा ‘मालक कंटाळला’ म्हणून चालवायला दिली जातात.

ध्यान, व्यायाम, सकारात्मक विचार वगैरे सल्ले इथे फारसे लागू पडत नाहीत. मिसळीची तरी कढईत उकळत असताना कोणी अर्धा तास डोळे मिटून बसत नाही. विश्रांतीसाठी आधी धंद्याची मांडणी बदलावी लागते. मालकाशिवाय जी दोन-तीन कामं अडतात ती त्याच्या हातातून मोकळी करायची आणि जे तास काही कमावत नाहीत ते कापायचे. त्या क्रमानेच पुढे जाऊ.

नुसता थकवा की त्यापुढचं काही

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली. तो आजार नसून कामाशी जोडलेली अवस्था आहे, असं तिथे म्हटलं आहे आणि तिची तीन अंगं दिली आहेत: पार गळून जाणं, कामाबद्दल मनात तुटलेपणा किंवा कडवटपणा येणं आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असं वाटू लागणं. हॉटेलात ही तिन्ही ओळखता येतात. गळून जाणं तर सगळ्यांनाच माहीत असतं. तुटलेपणा असा दिसतो: रोजचं गिऱ्हाईक ‘जरा तरी वाढा’ म्हणालं की डोकं सणकतं, आणि गर्दी पाहून बरं वाटायच्या ऐवजी ‘आले परत’ असं मनात येतं. तिसरं अंग चुकांमधून कळतं. पावाची ऑर्डर द्यायची राहते, मीठ दोनदा पडतं, रात्री गल्ला मोजायचा कंटाळा येऊन नोटा तशाच डब्यात जातात.

ओळखायची एक सोपी खूण आहे. साधा थकवा दोन रात्री पुरेशी झोप आणि एक मोकळा दिवस मिळाला की बराचसा उतरतो. तसं करूनही तिसऱ्या दिवशी शटर वर करताना छातीवर धोंडा ठेवल्यासारखं वाटत असेल, तर प्रश्न एका सुट्टीने सुटणारा नाही.

भाजणं, कापणं, आपटणं यांची कॅलेंडरवर नोंद ठेवा. ज्या दिवशी मालकाला चटका बसला किंवा सुरी लागली, त्या तारखेला लाल टिंब. महिन्याला एखादं टिंब स्वयंपाकघरात चालायचंच. एका आठवड्यात तीन आली तर झोप कमी पडते आहे, असं समजा. आपल्याला वाटतं आपण ठीक आहोत. हात मात्र आधीच सांगत असतात.

पहिलं पाऊल: सात दिवस तासांची वही

एक छोटी वही खिशात ठेवा आणि सात दिवस दर दोन तासांनी एक ओळ लिहा: आत्ता काय करत होतो आणि ते काम दुसऱ्या कोणाला जमलं असतं का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’, ‘शिकवलं तर’ किंवा ‘नाही’ एवढंच. आठवून रात्री एकदम लिहू नका, कारण रात्री सगळंच ‘मीच करतो’ असं दिसतं.

त्याच सात दिवसांत विक्री वेळेनुसार लिहायची. बिलिंग मशीन असेल तर तासाचा रिपोर्ट निघतो. नसेल तर ठरलेल्या वेळी गल्ला आणि यूपीआयची रक्कम बघून आकडा टिपायचा. चोवीस जणांची बैठक, आचारी, दोन वेटर आणि भांड्याला मावशी अशा हॉटेलचं एक हिशोबी उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला. रोजची सरासरी अशी:

सकाळी ६.३० ते ८: २,६०० रुपये
८ ते ११: ६,९०० रुपये
११ ते १: २,७०० रुपये
दुपारी १ ते ४: ९०० रुपये
४ ते रात्री ८: ४,३०० रुपये
८ ते १०: १,१०० रुपये

एकूण १८,५००. मालक साडेचारला उठतो, दहाला शटर ओढतो, साफसफाई आणि हिशोब करून अकराला घरी पोचतो आणि पावणेबाराला झोपतो. झोप पावणेपाच तास. मोठ्या माणसाला किमान सात तास लागतात, म्हणजे रोज सव्वादोन तासांची तूट. आठवड्याला ती पंधरा-सोळा तासांची होते आणि रविवारी दुपारी दोन तास लवंडून भरून निघत नाही.

आता रात्री ८ ते १० या वेळेकडे बघा. विक्री १,१००. माल निम्म्याचा धरला तर हातात ५५०. त्यातून गॅस-लाइटचे १२० आणि वेटरच्या जादा दोन तासांचे १३० गेले. उरले ३००. दोन तास मालक आणि आचारी उभे राहून ३०० रुपये, म्हणजे महिन्याला ९,०००. हे ९,००० मोठेच आहेत, पण ते येतात झोपेतून. शिवाय यातली काही गिऱ्हाइकं वेळ कळल्यावर आठच्या आत येतात, त्यामुळे खरं नुकसान याहून थोडं कमी निघतं.

या दोन तासांत आणखी एक धोका आहे, तो पैशात मांडता येत नाही. ‘नेचर’ या नियतकालिकात १९९७ मध्ये आलेल्या एका प्रयोगात सलग १७ तास जागं असलेल्या माणसांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्यांइतकी घसरलेली आढळली. आपल्याकडे गाडी चालवताना मर्यादा ०.०३ टक्के आहे. साडेचारला उठलेल्या मालकाचे १७ तास रात्री साडेनऊला भरतात. त्यानंतर तो कढईतलं गरम तेल गाळतो आणि दुचाकीवरून घरी जातो.

म्हणून पहिला बदल हाच: शटर आठला. तेलाची कढई साडेसातला बंद, म्हणजे तेल कोमट होऊन आवराआवरीच्या शेवटी गाळता येतं. पावणेनऊला बाहेर, नऊला जेवण, दहाला अंथरूण. पहाटेची काही कामं आदल्या संध्याकाळी हलवली तर पाचला उठून चालतं आणि सात तास होतात. पोह्यांसाठी कांदा रात्री चिरून ठेवायचा मोह टाळा, सकाळी त्याला उग्र वास येतो. पण बटाटे निवडून धुणं, मिरच्यांची देठं काढणं, कपबशा मांडणं, चहाची साखर-पत्ती मोजून डब्यात भरणं ही पाऊण तासाची कामं संध्याकाळी पाचच्या आधी वेटर करू शकतात.

वेळ कमी करताना एक चूक नेहमी होते. शटर आठला अर्धं ओढतात आणि ‘आत या, आत या’ म्हणून नऊपर्यंत वाढत राहतात. आठवडाभरात गिऱ्हाइकांना कळतं की आठ म्हणजे नऊ. बोर्डावर वेळ लिहा, गूगलवरच्या माहितीत बदला आणि पावणेआठला भट्टी बंद करा. भट्टी बंद असली की वाद होत नाही.

दुसरं पाऊल: हाताची चव कागदावर

‘तरी माझ्याच हातची लागते’ हे खरं असतं, आणि मालकाला सुट्टी न मिळण्याचं मुख्य कारणही तेच असतं. चव बोटांच्या अंदाजात असते तोवर ती शिकवता येत नाही.

ती उतरवायची पद्धत अशी. वाटण करताना नेहमीसारखंच करा, फक्त प्रत्येक जिन्नस टाकण्याआधी वजनकाट्यावर ठेवा आणि दुसऱ्याला लिहायला सांगा. कांदा, सुकं खोबरं, आलं, लसूण, तिखट, धणे, गरम मसाला, तेल, मीठ. तीन वेळा करा. तिन्ही आकडे थोडे वेगळे येतील, त्यांची सरासरी काढून एका कार्डावर लिहा. पाण्याचं मोजमाप हमखास राहतं आणि तिथेच चव बिघडते. पातेल्यावर आतून खूण करा: मसाला आणि पाणी मिळून इथपर्यंत, आणि उकळून इथपर्यंत खाली आलं की तयार. आच मोठी-छोटी झाली तरी ती खूण सांभाळून घेते. खोबरं आणि कांदा किती भाजायचा हे शब्दांत सांगता येत नाही, म्हणून हवा तसा रंग आल्यावर दिवसाच्या उजेडात फोटो काढून कार्डाशेजारी लावा. रात्रीच्या पिवळ्या दिव्यात काढलेला फोटो फसवतो.

चौथ्या वेळी आचारी करेल आणि मालक फक्त बघेल. हात लावायचा नाही, चमचा घ्यायचा नाही. पाचव्या वेळी मालक बाहेर. तयार तरी दोन वाट्यांत, एक मालकाच्या हातची आणि एक आचाऱ्याची, जुन्या गिऱ्हाइकाला न सांगता द्या. फरक ओळखला तर तो तिखट-मिठाचा आहे की भाजण्याचा, ते विचारा. बहुतेक वेळा भाजण्याचाच निघतो.

तिखटाचा नवा लॉट आला की कार्ड जसंच्या तसं चालत नाही, कारण त्याच नावाच्या मिरचीचा तिखटपणाही बदलतो. नव्या पोत्यातलं पहिलं वाटण छोटं करून चाखायचं आणि कार्डावर तारीख टाकून तिखटाचा आकडा सुधारायचा. हे काम मालकाकडे राहिलं तरी चालेल, ते रोजचं नाही.

भाजलेलं वाटण आठवड्यातून दोनदा करून झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवलं की रोज पहाटेचा तास वाचतो. दोन-तीन दिवसांच्या पुढे न्यायचं असेल तर एकेका दिवसाच्या पिशव्या करून फ्रीझरमध्ये. वड्याच्या भाजीला हा नियम लावू नका. बटाट्याची भाजी उन्हाळ्यात बाहेर रात्रभर राहिली की आंबते, ती त्या-त्या दिवशीच करायची.

तिसरं पाऊल: गल्ला सोडायला शिकणं

दुसरं बंधन गल्ल्याचं. कोणाच्या हातात पैसा द्यायचा, या भीतीने मालक दुपारी जेवायलाही उठत नाही. विश्वासू माणूस शोधण्यापेक्षा रोज पडताळता येईल असा हिशोब लावणं सोपं जातं.

सकाळी गल्ल्यात ठरलेले सुट्टे पैसे ठेवा, समजा २,००० रुपये, आणि ते वहीत लिहा. कूपन किंवा बिलबुक अनुक्रमांकाचं हवं. कूपनाशिवाय ताट स्वयंपाकघरातून निघणार नाही, हे आचाऱ्याला सांगून ठेवा. यूपीआयचा साउंडबॉक्स दुकानाच्या खात्यालाच जोडलेला हवा आणि कोणाचाही खाजगी क्यूआर काउंटरजवळ नको.

मग पावाचा हिशोब. कूपन फाडलं नाही तरी पाव संपतोच, म्हणून पाव हा नाश्त्याच्या हॉटेलातला चांगला साक्षीदार आहे. सकाळी पाव मोजून घ्यायचे, रात्री उरलेले मोजायचे. समजा २४० आले आणि २२ उरले. गेले २१८. कूपनांप्रमाणे मिसळ ७४ प्लेट, प्रत्येकी दोन पाव म्हणजे १४८. जादा पाव ३१. वडापाव ३५. बेरीज २१४. फरक चार पावांचा. तुटलेले, जळके, कोणीतरी खाल्लेले यात चार-सहा जातातच. फरक रोज दहाच्या वर जाऊ लागला तर विचारायचं. कामगारांचा नाश्ता मात्र वेगळा लिहा. नाहीतर त्यांच्या खाण्याची चोरीत गणना होते आणि भांडण वाढतं.

हे जमलं की काउंटरवर माणूस बसवायचा, पण टप्प्याटप्प्याने. पहिला आठवडा फक्त दुपारी १ ते ४, कारण तेव्हा सगळी विक्री ९०० ची. चूक झाली तरी पन्नास-शंभरची होईल. दुसऱ्या आठवड्यात ११ ते १ त्यात जोडा. मग संध्याकाळ. सकाळी ८ ते ११ ची गर्दी सगळ्यात शेवटी द्या. बरेच मालक उलटं करतात: गर्दीत हात अपुरे पडतात म्हणून नव्या माणसाला तिथेच बसवतात, गोंधळ होतो आणि ‘कोणाला जमत नाही’ असं ठरवून परत स्वतः बसतात.

दुपारचे दोन तास

वर दुपारी १ ते ४ ची विक्री फक्त ९०० दिसली. ती बंद करायची गरज नाही. चहा, बिस्किट, उरलेले पोहे एवढं ठेवून एक वेटर ते बघेल. मालकाने दीडला उठायचं ते साडेतीनला परतायचं.

या दोन तासांत क्रम महत्त्वाचा आहे. आधी जेवण, तेही बसून, घरच्या डब्याचं. तुटलेला वडा आणि चार कप चहा यावर दुपार काढणाऱ्याला चारच्या सुमारास चिडचिड होते. ती बऱ्याचदा रिकाम्या पोटाची असते आणि बोलणी वेटरला बसतात. जेवणानंतर पंधरा मिनिटं जाऊ द्या आणि मग झोपा. वीस-पंचवीस मिनिटं झोपा किंवा सरळ दीड तास. मधल्या पाऊण-एक तासाच्या झोपेतून उठलं की डोकं जड राहतं, कारण तेव्हा माणूस गाढ झोपेत असतो. रात्री सात तास मिळत असतील तर वीस मिनिटं पुरे. आदली रात्र मोडली असेल तरच दीड तास घ्या.

हॉटेलच्या बाकावर झोपू नका. तिथे प्रत्येक भांड्याचा आवाज कामाचा वाटतो आणि वेटर ‘शेठ, लिंबू संपले’ म्हणून उठवतोच. घर जवळ नसेल तर वरची किंवा शेजारची खोली, तीही नसेल तर माळा, एक पंखा आणि पडदा. लिंबू कुठे आहेत आणि कोणाला फोन करायचा हे लिहिलेला कागद फ्रिजवर चिकटवा. वेटर कोणत्या कारणांसाठी उठवू शकतो तेही ठरवा: गॅसचा वास, भांडण, अधिकारी, कोणाला लागलं. बाकी सगळं साडेतीनपर्यंत थांबतं.

चहाचं बघावं लागतं, कारण तो हाताशी असतो आणि फुकट. कॅफीन शरीरातून अर्धं उतरायला साधारण पाच तास लागतात. दहाला झोपायचं असेल तर शेवटचा चहा साडेतीन-चारचा. त्यानंतर चव बघायची झाली तर घोटभर. संध्याकाळी सातला कटिंग घेऊन दहाला झोप न येणाऱ्या माणसाला वाटतं की काळजीने झोप उडाली.

उभं राहण्याच्या त्रासावर थोडक्यात: भट्टीपुढे जाड रबरी मॅट, पायात स्लिपरऐवजी मऊ तळव्याचे बंद बूट, काउंटरला उंच स्टूल. दुपारी पडताना पाय उशीवर. पाण्याची एक लिटरची बाटली स्वतःच्या नावाची ठेवा, ती दुपारपर्यंत दोनदा रिकामी व्हायला हवी.

चौथं पाऊल: आठवड्याची सुट्टी, आधी अर्धी

मालकाची सुट्टी आणि हॉटेलची सुट्टी एकाच दिवशी असलीच पाहिजे असं नाही. पण सुरुवात दोन्ही एकत्र करून होते, कारण हॉटेल चालू असेल तर नवा मालक घरी बसूच शकत नाही.

वहीत सगळ्यात मंद दिवस शोधा. समजा मंगळवार. पूर्ण बंद ठेवायला हात धजावत नाही, आणि सुरुवातीला ठेवूही नये. मंगळवारी दुपारी एकला बंद करा. मंगळवारची एकनंतरची विक्री ४,८०० धरली तर माल जाऊन २,४००, गॅस-लाइटचे ५०० वाचले, म्हणजे नुकसान १,९००. महिन्याचे ७,६००. रात्रीच्या ९,००० मध्ये हे मिळवलं आणि मंगळवारची रात्र दोनदा मोजली गेली ती वजा केली, तर साधारण १५,००० येतात. या उदाहरणात महिन्याची विक्री ५,५५,०००, माल जाऊन २,७७,५००. त्यातून भाडं ३५,०००, पगार ७५,०००, गॅस-लाइट ३०,०००, किरकोळ १५,००० आणि हप्ता २०,००० गेले की मालकाला १,०२,५०० उरतात. म्हणजे सातवा हिस्सा सोडायचा आहे. बदल्यात महिन्याला सुमारे ८८ तास मिळतात, तासाला पावणेदोनशे रुपयांच्या आसपास. हप्ता अंगावर असताना हे परवडतं का, हे प्रत्येकाने स्वतःच्या आकड्यांवर ठरवावं. परवडत नसेल तर रात्रीचे दोन तास आधी कापा आणि मंगळवार तीन महिन्यांनी.

सुट्टीच्या आड नेमकं येतं ते मटकीचं चक्र. मिसळीची मटकी नेहमी पुढच्या दिवसांसाठी चालू असते: रात्री भिजत, सकाळी उपसून कापडात बांधून, पुढच्या पहाटे मोड. बुधवारची मटकी सोमवारी रात्री भिजलेली असते आणि मंगळवारी सकाळी बांधलेली. मंगळवारी एकला निघताना उन्हाळ्यात ती गाठोडी फ्रिजमध्ये टाका, नाहीतर बुधवारी पहाटेपर्यंत मोड लांब होऊन मटकीला आंबूस वास येतो. थंडीत फ्रिज नको, उबदार कोपऱ्यात झाकून ठेवली की पुरे. गुरुवारची मटकी मंगळवारी रात्री भिजायला हवी, पण रात्री कोणी नाही. म्हणून ती एकलाच भरपूर पाण्यात भिजवून पातेलं फ्रिजमध्ये ठेवा, बुधवारी सकाळी उपसा. बाहेर ठेवली तर सोळा-सतरा तासांत पाण्यावर फेस येतो. एवढं न केल्यामुळे मालक मंगळवारी रात्री आठला ‘फक्त मटकी भिजवून येतो’ म्हणून निघतो आणि दहाला परततो.

दूध आणि पाववाल्यांना सोमवारीच सांगा. कांदा-बटाटा रोज आणण्याऐवजी आठवड्यातून दोनदा पोत्याने, वारा लागेल अशा जागी. कोथिंबीर, टोमॅटो, लिंबू एक दिवसाआड पोचवणारा भाजीवाला शोधा. गॅसचा भरलेला १९ किलोचा सिलिंडर नेहमी एक शिल्लक हवा, आणि शिल्लक सिलिंडर लावला त्याच तासाला पुढचा नोंदवायचा.

मंगळवारची दुपार बँक, सीए, चिमणी साफ करणं आणि मिक्सर दुरुस्तीने भरली की ती सुट्टी राहत नाही. अशी कामं दुसऱ्या दिवशी दुपारच्या दोन तासांत, आठवड्याला एकच. कामाचे फोन संध्याकाळी सहाला एकदा, दहा मिनिटं. बाकी वेळ फोन घरातल्या कोणाकडे.

दोन महिने हे सुरळीत चाललं, कार्डाप्रमाणे तरी जमू लागली आणि पावाचा हिशोब जुळू लागला, की पुढची पायरी: मंगळवारी हॉटेल पूर्ण दिवस चालू, मालक पूर्ण दिवस घरी. बुडालेले ७,६०० पुन्हा येऊ लागतात. आचाऱ्याला आणि वेटरना मग आळीपाळीने वेगळे दिवस सुट्टी द्या. कोणालाच सुट्टी नसलेल्या हॉटेलात माणसं टिकत नाहीत, आणि माणूस गेला की त्याची पाळी मालकाच्याच अंगावर येते.

शिमगा, गणपती, गावची जत्रा यांना कामगार गावी जाणारच. अपुऱ्या माणसांवर चार दिवस ओढून काढण्यापेक्षा महिनाभर आधी बोर्ड लावा आणि बंद ठेवा. त्या चार दिवसांत मालक एकटा वडे तळतो, पुढचा आठवडाभर त्याची पाठ धरलेली असते आणि विक्रीही निम्मीच झालेली असते.

पैशाची काळजी रात्री येऊ नये म्हणून

रात्री तीनला जाग येऊन भाड्याचा विचार सुरू होतो तो महिनाअखेरीला रक्कम एकदम उभी करावी लागते म्हणून. भाडं ३५,००० असेल तर तीस दिवसांनी भागा. रोज १,१७० रुपये, सोयीसाठी १,२००, गल्ला मोजताच वेगळ्या खात्यात. पगार आणि हप्त्याचंही असंच. मंद दिवशी पूर्ण रक्कम निघत नसेल तर तेवढा आकडा वहीत ‘बाकी’ म्हणून लिहा आणि रविवारच्या विक्रीतून भरा. बाकी सलग तीन रविवार भरली गेली नाही तर धंद्याचाच प्रश्न आहे. मालकाने जादा तास उभं राहून तो सुटणार नाही, दर किंवा पदार्थ बदलावे लागतील.

शटर ओढल्यावर दहा मिनिटं वहीत तीनच गोष्टी लिहा: उद्या पहाटे पहिलं काम, कोणाला फोन करायचा आहे, काय संपत आलं आहे. लिहून झालं की वही हॉटेलातच ठेवायची, घरी न्यायची नाही.

झोप येण्यासाठी रात्री पेग घ्यायची सवय या धंद्यात सर्रास दिसते. दारूने डोळा लवकर लागतो हे खरं, पण रात्रीच्या उत्तरार्धात झोप तुटते आणि पहाटे उठणाऱ्याला नेमकी तीच झोप हवी असते.

डॉक्टरकडे केव्हा

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, दम लागणं यांतलं काहीही झालं तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणत भट्टीपुढे उभं राहायचं नाही, लगेच दवाखाना. चाळिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासावी. दुपारचे दोन तास त्यासाठी पुरतात.

दोन आठवडे कशातच मन लागत नाही, पहाटे तीनला जाग येऊन परत झोप नाही, भूक गेली आहे, रडू येतं किंवा जगणं नको वाटतं, असं असेल तर तासांची वही बाजूला ठेवा आणि माणसाशी बोला. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत चालते आणि मराठीत बोलता येतं. घरच्यांनीही हा क्रमांक ठाऊक ठेवावा, कारण मालक स्वतः सहसा ‘सीझन संपू दे, मग बघू’ म्हणतो.

पहिल्या दोन महिन्यांत काय अपेक्षा ठेवावी

आठला बंद करायला लागल्यावर पहिले दोन आठवडे विक्री जास्त पडलेली दिसेल आणि गिऱ्हाईक कुरकुर करेल. निर्णय तिसऱ्या आठवड्यानंतर, ४ ते ८ ची विक्री वाढली का ते बघून घ्या. तुमचं हॉटेल बस स्टँड किंवा हॉस्टेलजवळ असेल आणि रात्री ८ ते १० ला ३,००० ची विक्री होत असेल, तर हा सल्ला उलटा करा. रात्र ठेवा, सकाळ साडेसातला उघडा आणि दूध-पाव घेऊन भट्टी लावायचं काम आचाऱ्याकडे किल्लीसकट द्या. शेवटच्या आणि पहिल्या शटरमध्ये मालकासाठी नऊ तासांचं अंतर पडलं पाहिजे. जाणं-येणं, आंघोळ, जेवण धरून सात तास झोप त्यातच बसते. नऊ तास बसत नसतील तर दिवसाची दोन टोकं दोन माणसांत वाटावी लागतील: घरातलं कोणी, भागीदार किंवा थोडा जास्त पगार देऊन तयार केलेला आचारी.